फोटोतला माणूस मालक नसतो

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्या आधी कोणी कॉलेजात गेलं नाही. त्यामुळे कशावर लिहावं आणि कोणती गोष्ट घरातच ठेवावी, हे शिकवणारं कोणी नव्हतं. शिवाय ज्या माणसाबद्दल लिहायचं आहे, त्याच्याविषयी माझ्या मनात तिटकाऱ्याशिवाय काही नाही. तिटकाऱ्यातून लिहिलेलं टिकत नाही, असं आमचे मराठीचे सर म्हणायचे. टिकलं नाही तर नको टिकू दे. आमच्या सरांबद्दलही मला थोडं असंच वाटतं, ते पुढे येईलच.

बोंडअळीने सगळं खाल्लं त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. बीटी बियाण्याच्या पाकिटातल्या कपाशीला अळी लागत नाही असं आम्ही वर्षानुवर्षं ऐकलं होतं, आणि त्या वर्षी गुलाबी अळीने बोंडाच्या आत बसून तेच पाकीट खोटं पाडलं होतं. नंतरच्या हंगामात आमच्याकडे दोनच धंदे जोरात होते: अळीबद्दल सल्ला देण्याचा आणि पिकाचं टॉनिक विकण्याचा. दोन्ही धंदे बहुतेक एकच माणसं करत.

माझे वडील यातलं काही करत नव्हते. ते सकाळी वावरात जात आणि कपाशीच्या ओळीतून हळूहळू चालत. फुलं लागायला लागली की काही फुलं उमलत नाहीत, पाकळ्या एकमेकींना चिकटून राहतात, लहानशा गुलाबासारखं दिसतं. अशा कळीला आम्ही डोमकळी म्हणतो. ती उघडली की आत अळी असते. आदल्या वर्षी कोणी तिकडे लक्ष दिलं नव्हतं. वडिलांनी यंदा ठरवून टाकलं होतं, डोमकळी दिसली की तोडायची, खिशात घालायची आणि घरी आणून चुलीत टाकायची. त्यांच्या सदऱ्याच्या खिशाला हिरवा डाग पडला होता, तो धुऊनही जात नव्हता.

कृषी खात्याने त्या वर्षी गावोगाव शेतीशाळा सुरू केली होती. म्हणजे एका शेतकऱ्याचं वावर निवडायचं आणि बाकीच्यांनी तिथे जमून पीक पाहायचं, अळी ओळखायची, सापळे कसे लावायचे ते शिकायचं. आमच्या गावात निवड झाली ती आमच्या वावराची. वडील तिसरीपर्यंत शिकलेले. शाळा आपल्याकडे येणार, ही गोष्ट त्यांनी कोणाला मोठ्याने सांगितली नाही, पण बांधावरचं गवत त्यांनी स्वतः कापलं आणि मायला पाण्याच्या घागरीवर घालायला नवं फडकं आणायला सांगितलं.

मी तेव्हा नांदुऱ्याला बी. ए. करत होतो. मराठीच्या सरांनी प्रकल्प दिला होता, गावाबद्दल ब्लॉग लिहा. वर्गातल्या बहुतेकांनी गावच्या मंदिराचा इतिहास लिहिला, तोही एकमेकांचा बघून. मला मंदिराबद्दल काही माहीत नव्हतं. मी डोमकळीवर लिहिलं. वडील जसं बोलले तसंच त्यांचं बोलणं घातलं: ‘डोमकळी दिसली का तोडून टाकाची, तिच्यावर दया नाई कराची.’ वर त्यांचा फोटो टाकला. वडील वावरात उभे आहेत, तळहातावर डोमकळी आहे आणि ते किंचित हसताहेत. त्यांना फोटोत हसायचं असतं एवढंच माहीत होतं.

तो फोटो घेताना ऊन फार होतं, फूल पांढरंफेक दिसत होतं. म्हणून मी मायची चादर दोन्ही हातांनी ताणून सावली धरली आणि मोबाइल मायच्या हातात दिला. तिने आधी स्वतःचा अंगठा काढला, मग आभाळ, मग वडिलांचे पाय. शेवटी एक नीट आला. त्यातही कोपऱ्यात अंगठ्याची कड होती, ती मी ब्लॉगवर टाकताना कापली. खाली लिहिलं, ‘छायाचित्र : माझी आई’. घरात कोणाला ते वाचायचं नव्हतं, पण लिहावंसं वाटलं.

ब्लॉग सरांनी वाचला की नाही ठाऊक नाही. गुण मात्र मिळाले.

पावसाची उघडीप होती तेव्हाची गोष्ट. मी सुट्टीत गावी होतो. वडील फाट्यावरच्या हॉटेलातून चहा न पिता परत आले आणि ओट्यावर बसले. मायने विचारलं तर म्हणाले, “काही नाई.” संध्याकाळी मीच हॉटेलात गेलो. मला पाहून आमच्या बाजूच्या वावरवाल्या काकांनी खुर्ची ओढून दिली.

“या, लेखकसाहेब. तुह्या बापानं डोमकळीचं पीक घेनं सुरू केलं म्हनते?”

“काऊन, काय झालं काका?”

“आमालेबी सांगा ना बे. किलोले काय भाव हाये डोमकळीले?”

सगळे हसले. मग हॉटेलवाल्याने स्वतःचा मोबाइल माझ्यापुढे धरला. कुठल्याशा शेती-सल्ल्याच्या साइटचं पान होतं. वर माझे वडील. तळहातावर डोमकळी. खाली लिहिलेलं: ‘आमच्या टॉनिकची कमाल. बघा, कळी कशी भरगच्च आणि टवटवीत. समाधानी शेतकरी, पिंपळगाव राजा परिसर.’ पुढे माझाच लेख, शब्द न् शब्द. फक्त ‘तोडून टाकाची’ हे वाक्य गाळलेलं आणि जिथे जिथे अळीचं नाव होतं तिथे टॉनिकचं. शेवटी बाटलीचं चित्र आणि ऑर्डरचा नंबर.

मला राग यायला वेळ लागला. आधी नुसतं नवल वाटलं की हे करणाऱ्याला कपाशीतलं इतकंही कळत नाही. कीड लागलेलं फूल हातात धरून उभ्या असलेल्या माणसाला त्याने पिकाच्या जाहिरातीत उभं केलं होतं. चोरी करायची तर निदान चोरलेली वस्तू काय आहे ते तरी पाहावं. एवढी तसदीसुद्धा या माणसाला घ्यावीशी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कृषी सहायक आले. ते दुसरबीडकडचे, बोलणं आमच्यापेक्षा थोडं वेगळं, वयाने माझ्याहून थोडेच मोठे. गाडी स्टँडवर लावली, पण बसले नाहीत.

“भाऊ, तुमचा फोटो कंपनीच्या जाहिरातीत आलाय. वरून फोन आला मला. सरकारी कार्यक्रम आहे. जाहिरातीतल्या माणसाच्या वावरात घेतला तर उद्या माझ्यावरच यायचं.”

“म्या कोनाची जाहिरात केली नाई,” वडील म्हणाले.

“मला माहिताय हो. पण ते पान दिसतंय ना तिथं. ते निघालं तर बघू. नाही निघालं तर शाळा सरपंचांच्या वावरात. शाळेच्या वावरांची यादी वर जाईस्तोवर वेळ आहे, बरं का.”

ते गेल्यावर वडील मला म्हणाले, “तुले कोनी सांगतलं होतं मले त्याच्यात टाकाले?” एवढंच. मग ते वावरात गेले आणि नेहमीपेक्षा उशिरा आले. खिसा रिकामा होता. त्या दिवशी त्यांनी डोमकळी तोडली नव्हती, किंवा तोडून तिथेच फेकली होती.

मी ऑर्डरच्या नंबरवर फोन केला. उचलणारा खूप गोड बोलला.

“नमस्कार, बोला दादा, किती बाटल्या देऊ?”

“मला बाटली नको. तुमच्या पानावर माझ्या वडिलांचा फोटो आहे.”

“अरे वा. म्हणजे आमच्या समाधानी शेतकऱ्याचे चिरंजीव तुम्ही.”

“ते समाधानी नाहीत. त्यांनी तुमचं टॉनिक पाहिलंसुद्धा नाही. आणि हातात जे आहे ती कीड आहे.”

“कीड? छे हो, किती सुंदर दिसतंय. गुलाबासारखं.”

“त्याच्याच आत अळी असते. फोटो काढा, तो आमचा आहे.”

“दादा, नेटवर टाकला होता ना तुम्ही? नेटवरचं सगळ्यांचं असतं. उलट फुकटात प्रसिद्धी मिळाली.”

घाईत माझ्या तोंडून निघालं, “त्यायले लोक हसून राह्यले गावात.”

पलीकडे तो खूश झाला. “तुम्ही विदर्भातले का? काय गोड भाषा आहे हो. असं करू, वडिलांना घेऊन व्हिडिओ करू. याच भाषेत. लोकांना अस्सल वाटतं.” मी पुन्हा फोटो काढायला सांगितलं तेव्हा त्याचा गोडवा संपला. “नोटीस पाठवा मग,” म्हणाला आणि हसून फोन ठेवला. त्याला वाटलं असावं, ज्याच्या तोंडी ‘त्यायले’ येतं तो नोटीस काय पाठवणार.

सरांकडे गेलो. सर म्हणाले, “अरे, तुझं मराठी कोणाला तरी चोरावंसं वाटलं, याचा आनंद मान.” मग त्यांनी मला त्यांच्या एका चर्चासत्राच्या खुर्च्या मांडायला बोलावलं. चर्चासत्राचा विषय ग्रामीण जीवनाचं चित्रण असा होता. मी खुर्च्या मांडल्या.

नांदुऱ्यात स्टेशनच्या रस्त्यावर माझ्या मित्राचा फोटो स्टुडिओ आहे. त्याचे अब्बा पूर्वी पासपोर्ट फोटो काढत, आता तो लग्नाचे व्हिडिओ करतो. त्याच्या एका लग्नाचे फोटो मंडप-डेकोरेशनवाल्याने आपल्या पेजवर टाकले होते आणि याने तक्रार करून ते काढायला लावले होते. म्हणून मी त्याच्याकडे गेलो. त्याने पान पाहिलं आणि आधी पोटभर हसला.

“अबे, चाचाले डोमकळीचा ब्रँड अॅम्बेसेडर बनवलं यानं.”

“हसू नको.”

“हसून राह्यलो कारन चोर अनाडी हाये. बैठ इथी.”

त्याने समजावलं ते असं. चोराला विनवायचं नाही. त्याची साइट ज्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर ठेवलेली असते, त्या होस्टिंग कंपनीला कळवायचं. मालकाने रीतसर लिहून दिलं तर कंपनीला ते पान बंद करावं लागतं, नाहीतर ती स्वतः अडचणीत येते. आम्ही साइटच्या मालकाचं नाव शोधलं तर नोंदणीत नाव झाकलेलं. जी कंपनी दिसली तिला लिहिलं तर तिचं उत्तर आलं की आम्ही मधले, साइट आमच्याकडे ठेवलेली नाही, आम्ही फक्त इंटरनेटवरची रहदारी पुढे सोडतो. पण त्याच उत्तरात तिने खरी होस्टिंग कंपनी सांगितली. ती परदेशातली निघाली.

“आता नोटीस कोनाच्या नावानं?” मित्राने विचारलं.

आम्हा दोघांनाही यात विचार करण्यासारखं काही वाटलं नाही. आमच्याकडे घरातून जो कागद बाहेर जातो तो घरच्या कर्त्याच्या नावाने जातो. सातबारा त्यांचा, लाइटचं मीटर त्यांचं, माझ्या मोबाइलचं सिमसुद्धा त्यांच्या नावावर. आणि फोटोत तर साक्षात तेच उभे. नोटीस वडिलांच्या नावाने गेली: या फोटोतला माणूस मी आहे, माझ्या परवानगीवाचून तो लावला आहे, काढून टाका. वडील सही करायला बसने नांदुऱ्याला आले. सही करताना त्यांनी पेन दोनदा झटकलं. साइटचा पत्ता म्हणून आम्ही साइटच्या पहिल्या पानाचा पत्ता दिला.

उत्तर कोरडं होतं, पण स्पष्ट. मित्राने वाचून दाखवलं. फोटोत असणं म्हणजे फोटोचा हक्क असणं नव्हे. हक्क फोटो काढणाऱ्याचा. तक्रार त्याने करावी, किंवा त्याने ज्याला अधिकार दिला त्याने. आणि ज्या पानावर नक्कल आहे त्या नेमक्या पानाचा पत्ता द्यावा, आणि मूळ फोटो कुठे आहे तेही सांगावं. चेहरा वापरल्याची तक्रार असेल तर तिचा मार्ग वेगळा, त्याला वेळ लागेल.

वडिलांना हे सांगितलं तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच ते उत्तर लिहिलं असावं. “मंजे? थोबाड माहं, हात माहा, कपाशी माही. आन मी मालक नाई?”

“कायद्यानं नाही, बाबा.”

“मंग कायदा कराले बसलेले कधी वावरात गेले नसतीन.”

दुसरी नोटीस मी माझ्या नावाने लिहिली. लेख माझा, मोबाइल माझा, ब्लॉग माझा. या वेळी त्या नेमक्या पानाचा पत्ता, फोटोचा वेगळा पत्ता, माझ्या ब्लॉगचा पत्ता, सगळं घातलं. ही नक्कल परवानगीवाचून आहे असं मी खऱ्या मनाने मानतो, आणि वरची माहिती खरी आहे, खोटी निघाल्यास मी शिक्षेस पात्र राहीन, असंही लिहिलं. ते लिहिताना हात जड झाला होता. खरं लिहितानासुद्धा होतो.

होस्टिंग कंपनीने ती त्या गोड माणसाकडे पाठवली. आणि त्याने काय केलं पाहा. त्याने माझ्याच ब्लॉगचा स्क्रीनशॉट काढून कंपनीला पाठवला, ‘छायाचित्र : माझी आई’ या ओळीवर लाल गोल करून. म्हणणं असं, की फोटो या मुलाने काढलेलाच नाही, तो खोटं बोलतो आहे.

स्टुडिओत मित्र हे वाचून खुर्चीत मागे रेलला. “पाह्य बे. यानंच सांगतलं का फोटो तुह्या ब्लॉगवरून उचलला.”

खरंच होतं ते. आपण कुठून चोरलं याचा पुरावा त्याने आपल्याच हाताने पाठवला होता, आणि वर मला खोटं पाडल्याचं समाधान मानत बसला असेल. चलाख माणसाचा राग येतो. याचा रागही पुरता येत नव्हता, किळस यायची. शेतकऱ्यांच्या घरात जे थोडं उरलं होतं, ते असल्या डोक्याची माणसं बाटलीमागे बाटली विकून नेत होती.

पण मुद्दा त्याचा बरोबर होता. लेख माझा असल्याचं कंपनीने मान्य केलं आणि लेखाचा मजकूर उतरवला गेला. फोटोबाबत मात्र लिहून आलं की ज्याने काढला त्याचीच तक्रार हवी. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पानावर माझा एकही शब्द नव्हता. त्या जागी टॉनिकबद्दल तीन ओळी होत्या आणि वडिलांचा फोटो आधीपेक्षा मोठा करून लावला होता. हॉटेलात कोणीतरी म्हणालं म्हणे, “भाऊची साइज वाढली.”

कृषी सहायकांचा फोन आला, यादी आता लवकरच जाणार.

मी गावी आलो. संध्याकाळी माय चुलीजवळ भाकरी थापत होती, वडील दाराशी बसले होते. मी सांगितलं की फोटो मायचा आहे. कायद्याने. तिच्या नावाने नोटीस जावी लागेल.

माय थांबली नाही, भाकरी तव्यावर टाकली. “माहा कसा? मोबाइल तुहा व्हता.”

“मोबाइल कोणाचाही असो. बटन कोणी दाबलं?”

“म्या दाबलं.”

“मग तुझा.”

तिने वडिलांकडे पाहिलं. वडील बाहेर पाहत होते. तिने भाकरी उलटली. मग माय म्हणाली, “आयकलं का? वावर तुमचं, घर तुमचं, आन तुमी माह्ये.”

“फोटो,” वडील म्हणाले. “मी नाई. फोटो.”

“तेच.”

तेवढ्यात त्यांच्या मिशीखाली ओठ जरा हलले, पण ते हसले नाहीत. “सही करते का पन तुही माय? इंग्रजीत लिवेल असते. खोटं निघालं का जेल हाये म्हने.”

“खोटं काय त्याच्यात?” माय म्हणाली. “अंगठा माहा दिसते कोपऱ्यात. तो कापला यानं.”

मला ते आठवलंच नव्हतं. मोबाइलमधला मूळ फोटो मी उघडला. न कापलेला, मोठा, काढल्याची वेळ आणि मोबाइलचं मॉडेल फाइलमध्ये जसंच्या तसं असलेला. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेल्या फोटोत हे सगळं पुसलं जातं, म्हणून मूळ फाइल जपायची असते असं मित्र नेहमी सांगायचा. डाव्या कोपऱ्यात मायच्या अंगठ्याची धूसर कड होती. त्याच्या आधीचे आभाळाचे आणि पायांचे फोटोही तसेच होते. ते पुसायचे राहून गेले होते.

माय पहिल्यांदाच फोटो स्टुडिओत फोटो न काढता बसली. मित्राने तिच्यासाठी चहा मागवला आणि तिच्या नावाचा ई-मेल उघडला, कारण उत्तर तिला यायला हवं होतं. मग तो प्रत्येक वाक्य इंग्रजीत टाइप करायचा आणि तिला आमच्या भाषेत सांगायचा.

“चाची, इथी लिवलं का हा फोटो म्या सोता काढला.”

“हाव.”

“इथी, का या मानसाले म्या परवानगी देल्ली नाई.”

“त्याले तर म्या पाह्यलंबी नाई.”

“आन इथी, का हे खरं हाये, नाई तर शिक्षा.”

“हाव. पन त्याले लिव ना, का ती डोमकळी हाये. पोरं तिच्या नादानं बाटल्या घेतीन.”

मित्र माझ्याकडे बघून हसला. नोटिशीत डोमकळीला जागा नव्हती. कंपनीला फूल चांगलं की किडकं याच्याशी काही घेणं नव्हतं, फोटो कोणाचा एवढंच हवं होतं. मायला ते पटलं नाही. शेवटी त्याने तिच्या समाधानासाठी एक ओळ घातली, की हे रोगाचं चित्र आहे आणि ते औषधाचा गुण म्हणून दाखवलं जात आहे. मूळ फाइल आणि अंगठ्याचे फोटो कोणी मागितले नव्हते, तरी जोडले. मायने नाव टाइप केलेल्या जागी पडद्यावर बोट लावून पाहिलं, नीट लिहिलंय ना म्हणून.

मी परीक्षेसाठी नांदुऱ्यातच राहिलो, मित्राच्या स्टुडिओमागच्या खोलीत. दोन दिवस ते पान तसंच होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी उघडलं तर तिथे फक्त लिहिलेलं होतं की हे पान उपलब्ध नाही. मायच्या ई-मेलवर कंपनीचं पत्र आलं. पान बंद केलं आहे. समोरच्याला हरकत असेल तर तो उलट नोटीस देऊ शकतो. दिल्यास तुम्हाला कळवू, आणि मग तुम्ही दाद मागितली नाही तर काही आठवड्यांनी पान पुन्हा सुरू होऊ शकतं.

माझी झोप गेली. मित्र मात्र निवांत होता.

“नाई देनार.”

“काऊन?”

“वाच ना. उलटी नोटीस द्याची तर सोताचं खरं नाव, खरा पत्ता, फोन लिवा लागते. आन लिवा लागते का कोर्टात येईन. ज्यानं साइटवरबी नाव झाकलं, तो लिवते का?”

त्याने लिहिलं नाही. माझ्या वडिलांचा चेहरा, माझ्या गावचं नाव, आमचं बोलणं, हे सगळं त्याने बेधडक बाजारात मांडलं होतं. स्वतःचं नाव आणि पत्ता एका कागदावर लिहायची वेळ आली तेव्हा तो गप्प झाला. नंतर एकदा उत्सुकतेने मी त्याची साइट उघडली. त्याच टॉनिकचं नवं पान होतं. या वेळी कपाशीच्या टॉनिकवर त्याने सोयाबीनचं झाड लावलं होतं. ते कोणाचं होतं देव जाणे. मी ब्लॉगवर त्याबद्दल काही लिहिलं नाही. सरांनी मात्र वर्गात माझं उदाहरण दिलं, की आपल्या विद्यार्थ्याने कॉपीराइटची लढाई जिंकली. मायचा उल्लेख केला नाही. मी हात वर करून सांगायला हवं होतं, पण तेवढी हिंमत मला अजूनही होत नाही. म्हणून इथे लिहितो.

पान बंद झाल्याचं मी कृषी सहायकांना कळवलं होतं. त्यांनी ‘बघतो’ एवढंच लिहिलं. यादी गेली होती की नाही, कळत नव्हतं. वडील मोबाइल वापरत नाहीत आणि माय फक्त आलेला फोन उचलते, स्वतःहून कधी लावत नाही. शेवटचा पेपर देऊन मी बस स्टँडवर उभा होतो, पिंपळगावची गाडी लागायची होती. मोबाइल वाजला. घरचाच होता.

“कोन? हाव, मीच. शेजारच्या पोरीनं लावून देल्ला,” माय मोठ्याने बोलत होती, मागे पुष्कळ माणसांचा आवाज होता. “शाळा भरली, आपल्याच वावरात. पार सडकेपरीन मानसं हायेत. तुह्ये बाबा डोमकळी उकलून अळी दाखवून राह्यले साऱ्यायले. खिसा फुगेल हाये त्यायचा, पाह्य.”